भाडेकरारावर दोन नावं

भाचीचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. "मावशी, आम्ही एकत्र राहायचं म्हणतोय. आईला अजून सांगितलं नाहीये." मी गवारीच्या शिरा काढत राहिले आणि विचारलं, "म्हणतोय म्हणजे ठरलंय?" ती जरा थांबली. मग म्हणाली, "अगं, त्याच्या रूममेटचं लग्न ठरलंय, त्यांचा वाकडचा फ्लॅट मेअखेर सुटतोय. त्याला नाहीतरी घर शोधायचंच आहे. मग म्हटलं..."

म्हणजे ठरवलं कुणीच नव्हतं. कुणा तिसऱ्याच्या लग्नामुळे दोघांवर ही वेळ आली होती.

अमेरिकेतल्या डेन्व्हर विद्यापीठात स्कॉट स्टॅन्ली, गॅलिना रोड्स आणि हॉवर्ड मार्कमन हे तिघं बरीच वर्षं याच विषयावर काम करत आले आहेत. २००६ साली त्यांनी मांडलेला मुद्दा थोडक्यात असा की पुष्कळ जोडपी एकत्र राहायचं ठरवत नाहीत, घसरत घसरत तिथे पोचतात. आज टूथब्रश, उद्या कपड्यांची बॅग, परवा भाडं वाचवायची कल्पना. आणि एकदा सामान एकत्र झालं की वेगळं होणं महाग पडतं, त्यामुळे एरवी जे नातं सुटलं असतं तेही रेटलं जातं. त्यांची आकडेवारी तिकडची आहे, ती जशीच्या तशी पुण्याला लावू नये. पण भाचीच्या त्या अर्धवट "मग म्हटलं"मध्ये मला नेमकी तीच घसरण ऐकू आली.

मी तिला एवढंच म्हटलं की रविवारी दोघं जेवायला या, येताना वही आणा.

तिचं ऑफिस खराडीला, त्याचं हिंजवडीला. ती विमाननगरला पीजीत राहते. महिना १३,००० रुपये, त्यात दोन वेळचं जेवण, वायफाय, लाइट, झाडूपोछा सगळं आलं. तो वाकडला दोन मित्रांबरोबर. त्याच्या वाट्याचं भाडं ९,०००. डबा, लाइटबिल आणि बाई धरून आणखी ६,०००. दोघांचा राहण्या-जेवण्याचा खर्च मिळून २८,००० झाला. आणि दोघं तर "भाडं वाचेल" या एका वाक्यावर घर बघत फिरत होते. बाणेरचा ३२,००० भाड्याचा टू बीएचके जवळजवळ पक्का करून आले होते.

वहीत खाली खाली लिहीत गेलो. भाडं ३२,०००. लाइट १,५००. इंटरनेट ८००. स्वयंपाकाच्या मावशी ४,५००, कारण दोघांनाही पोहे आणि मॅगी यापलीकडे फारसं येत नाही. केर-फरशी-भांडी २,२००. वाणसामान, दूध, भाजी, सिलिंडर मिळून ९,०००. बेरीज आली ५०,०००. तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पण आता आम्ही भेटायला म्हणून जे बाहेर खातो, कॅब करतो, ते वाचेल ना?" वाचेल की. त्याचे महिन्याला ६,००० धरले. तरी आजच्यापेक्षा १६,००० रुपये जास्तच जात होते.

एकत्र राहिल्यावर पैसे वाचतात हे खरं आहे, पण ते दोघंही आधी आपापल्या वेगळ्या फ्लॅटचं पूर्ण भाडं भरत असतील तर. पीजी किंवा तिघाचौघांत वाटलेल्या फ्लॅटमधून निघणाऱ्यांचा खर्च बहुतेक वेळा वाढतो, कारण आजवर तिघांत वाटला जाणारा हॉल, गॅस आणि बाईचा पगार आता दोघांत येतो. खर्च वाढला म्हणून एकत्र राहू नये, असं माझं म्हणणं नाही. आपल्याला एकमेकांबरोबर राहायचंय आणि त्यासाठी महिना १६,००० जास्त गेले तरी चालतील, असं स्वच्छ म्हणता येत असेल तर ते कारण चोख आहे. बचतीचं कारण पुढे केलं की खरं कारण बोलायचं राहून जातं.

त्याशिवाय पहिल्याच दिवशी जाणारे पैसे असतात ते वेगळेच. डिपॉझिट, एजंटची एका महिन्याच्या भाड्याइतकी दलाली, टेम्पो, गादी, फ्रिज, वॉशिंग मशीन. यातली मोठी वस्तू अर्धी अर्धी घेऊ नका, असं मी दोघांना सांगितलं. फ्रिज त्याचा, मशीन तिचं. वेगळं व्हायची वेळ आली तर अर्धा फ्रिज कुणाला नेता येत नाही.

मग वाटणीचा विषय निघाला. तिच्या हातात ४५,००० येतात, त्याच्या ८०,०००. तो सरळ म्हणाला, "अर्धं-अर्धं." ऐकायला समान वाटतं. बाणेरच्या घराचं अर्धं भाडं १६,०००. तिच्या पगाराचा तो तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग, त्याच्या पगाराचा बरोबर पाचवा. वर बाकीचा खर्च धरला तर तिच्याकडे महिनाअखेर वीस हजारच उरतात, आणि त्यातले ती गावी पाठवते ते वेगळे. दुसरा मार्ग पगाराच्या प्रमाणात. ४५ ला ८० म्हणजे साधारण ३६ टक्के आणि ६४ टक्के. तिचे ११,५०० आणि त्याचे २०,५००.

तो लगेच कबूल झाला. अडली ती. "मग ते घर त्याचं होईल, मावशी. सोफा कुठे ठेवायचा हे तो ठरवेल. आणि तो जास्त देतोय म्हणून भांडी मी घासायची, असं न बोलता होऊन जाईल."

हा मुद्दा पैशांपेक्षा अवघड आहे आणि तिने तो काढला याचं मला बरं वाटलं. कमी भाडं देणाऱ्याने घरकामातून भरपाई करायची, हा हिशेब कुणी कागदावर मांडत नाही, तरी तो चालू असतो. आणि कमी पगार बहुधा बाईचाच असल्यामुळे तो तिच्याच अंगावर येतो. त्यावर दोघांनी जो तोडगा काढला तो मला आवडला. मासिक खर्च पगाराच्या प्रमाणात, पण डिपॉझिट मात्र निम्मं-निम्मं, तिच्या स्वतःच्या बचतीतून. भाड्याचे पैसे महिन्यापाठी संपतात, डिपॉझिट परत येतं. त्यामुळे घर सोडतानाही दोघं सारखेच उभे राहतात. घरकामाचा आणि भाड्याचा संबंध लावायचा नाही, हे तिने वहीत स्वतःच्या हाताने लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

आता भाडेकरार. भाडेकरार म्हणजे नुसती औपचारिकता असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. "अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही" हे एजंटचं आवडतं वाक्य आपल्या राज्यात चुकीचं आहे. नोंदणीची जबाबदारी मालकावर असते, आणि करार नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल वाद झाल्यावर उलट काही सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. मुद्रांक शुल्क फार नाही: एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं दहा टक्के धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का. शहरात नोंदणी फी १,००० रुपये.

जोडप्यासाठी कळीचा प्रश्न असा की करारावर नाव कुणाचं? मालक बहुधा म्हणतो, "एकाचंच टाका, भानगड नको." आणि पगार जास्त म्हणून नाव त्याचं पडतं. मग ती त्या घरात राहते खरी, पण मालकाच्या लेखी ती पाहुणी. डिपॉझिट त्याच्या खात्यात परत जाणार, नोटीस त्याला येणार, आणि उद्या वाजलं तर सोसायटीचा वॉचमन तिला गेटवर "साहेबांना विचारून सांगतो" म्हणू शकतो. दोन्ही नावं लायसन्सी म्हणून टाकली की दोघांची जबाबदारी आणि दोघांचा हक्क एकत्र येतो. जुन्या करपद्धतीत राहून घरभाडं भत्त्याची सूट घेणाऱ्यांना याचा आणखी एक उपयोग आहे: जो जितकं भाडं आपल्या खात्यातून भरतो, तो तितक्याची सूट मागू शकतो. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर मालकाचा पॅन लागतो, तो सुरुवातीलाच मागून घ्यावा. सहा महिन्यांनी मागितला की मालकांची स्मरणशक्ती कमी होते.

मालकाला काय सांगायचं, हा पुण्यातला खास प्रश्न. "आम्ही नवरा-बायको" असं सांगून घर मिळवलेली जोडपी मला ठाऊक आहेत. "साखरपुडा झालाय" हे तर इतक्यांनी वापरलंय की एजंटच ते सुचवतात. खोटं बोलायची कायद्याने गरज नाही. लग्नाशिवाय दोन सज्ञान माणसांनी एकत्र राहणं हा गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अभिनेत्री खुशबू यांच्या खटल्यात स्पष्ट म्हटलं आहे. मात्र गुन्हा नसणं म्हणजे घर मिळण्याची हमी नव्हे. घर कुणाला द्यायचं हे मालक ठरवतो. खोटं सांगितलं तर अडचण ही होते की आधार कार्डं दोन आडनावांची, पोलीस ठाण्यात द्यायची भाडेकरूंची माहिती तशीच, आणि एक दिवस सेक्रेटरींच्या पत्नी हळदीकुंकवाचं आमंत्रण घेऊन दारात उभ्या राहतात. भाची आणि त्याने सात घरं पाहिली. खरं सांगितल्यावर चार ठिकाणी नकार आला, एका ठिकाणी भाडं अचानक दोन हजारांनी वाढलं. उरलेल्या दोनांपैकी एका मालकीणबाईंनी फक्त एवढंच विचारलं की भाडं पाच तारखेला येईल ना.

कायद्याचं आणखी एक अंग मुलींना माहीत असावं. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा फक्त लग्न झालेल्यांपुरता नाही, 'लग्नासारख्या' नात्यालाही तो लागू होतो. पण प्रत्येक लिव्ह-इन तसं ठरत नाही. २०१३ च्या इंद्रा सर्मा निकालात न्यायालयाने पाहण्याच्या गोष्टी सांगितल्या आहेत: किती काळ एकत्र राहिले, घर एक होतं का, पैसे एकत्र होते का, लोकांत दोघं कसे वावरत होते, दोघांचा हेतू काय होता. त्या खटल्यात तो पुरुष आधीपासून विवाहित होता आणि तिला ते माहीत होतं. तिला संरक्षण मिळालं नाही. म्हणजे चार महिन्यांच्या सहवासावर या कायद्याचा भरवसा ठेवून बसू नये.

जागेचं म्हणाल तर मी दोघांना चौरस फूट मोजायला लावलंच नाही. एकच विचारलं: मंगळवारी दुपारी तीन वाजता दोघांचाही कॉल असेल तर कोण कुठे बसेल? आठवड्यातले दोन दिवस दोघंही घरून काम करतात, आणि ते दिवस एकच आहेत. वन बीएचकेत एक जण बेडरूममध्ये, दुसरा हॉलमध्ये, आणि मधल्या वेळेत भांडीवाली. त्याचा आवाज असा आहे की फोनवर बोलतो तेव्हा पलीकडच्याला फोनची गरज पडू नये. तिला शांतता लागते. म्हणजे बंद होणारी दोन दारं हवीत, हॉल कितीही लहान असला तरी चालेल. ही गरज ठरली आणि घर शोधणं निम्म्याने सोपं झालं. चकचकीत वन बीएचके बाद झाले, जुन्या इमारतींमधले लहान टू बीएचके यादीत आले.

दुसरा प्रश्न: गावाहून कुणी आलं तर? तो मूळचा साताऱ्याकडचा. त्याची आई वर्षातून दोनदा दाताच्या डॉक्टरसाठी पुण्यात येते आणि लेकाकडे उतरते. त्यांना अजून काही माहीत नाही. "त्या आठवड्यात तू मैत्रिणीकडे जाशील ना?" असं तो सहज बोलून गेला. भाचीचा घास हातातच राहिला. निम्मं डिपॉझिट जिचं, तिने वर्षातून दोनदा बॅग भरून स्वतःच्या घरातून बाहेर पडायचं!

मला वाटतं, सगळ्या चर्चेत एवढं एकच वाक्य महत्त्वाचं होतं. घरी सांगायचं की नाही हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे, मी त्यात सल्ला देत नाही. पण न सांगता राहायचं असेल तर लपायचं कुणी, हे आधी ठरलं पाहिजे. तो दोन आठवडे गप्प होता. मग एका शनिवारी साताऱ्याला गेला आणि सांगून आला. काय बोलणं झालं ते मला त्याने सांगितलं नाही. आई आता दाताला साताऱ्यातच जाते, एवढं कळलं.

सवयींसाठी मासिकांत प्रश्नावल्या येतात: तुम्ही नीटनेटके आहात का, लवकर उठता का. माणूस त्यात स्वतःबद्दल जे लिहितो ते बहुधा त्याला आवडेल ते असतं. त्यापेक्षा एकमेकांच्या जागी सोमवार ते गुरुवार राहून बघावं. शुक्रवार ते रविवार नको. सुट्टीत सगळेच गुणी असतात. भाचीच्या पीजीत मुलांना प्रवेश नाही, त्यामुळे एक मित्र परदेशी गेला तेव्हा त्याच्या रिकाम्या फ्लॅटवर दोघं नऊ दिवस राहिले. तिसऱ्या दिवशी दूध नासलं. चौथ्या दिवशी कचरा दाराबाहेर ठेवायचा राहिला आणि तो दोन दिवस घरातच कुबट वास देत पडला. त्याला वास आला नाही असं नाही. तो म्हणाला, "तू सांगितलं असतंस तर टाकला असता."

हे "सांगितलं असतंस तर" फार ओळखीचं आहे. काम करायला तो तयार असतो. काम आहे हे लक्षात ठेवायला नसतो. सिलिंडर कधी लावला, बाईची सुट्टी कोणत्या तारखेला, मीठ संपत आलंय का, हे डोक्यात बाळगणं हेच अर्धं घरकाम आहे. म्हणून दोघांनी कामं वाटली नाहीत, लक्षात ठेवायच्या गोष्टी वाटल्या. सिलिंडर, कचरा आणि लाइटबिल त्याच्या डोक्यात. वाणसामान, दोन्ही बायकांच्या सुट्ट्या आणि पाण्याचा फिल्टर तिच्या. विसरला तर विसरला, दुसऱ्याने आठवण करायची नाही. पहिल्या महिन्यात एका रात्री सिलिंडर संपला आणि जेवण बाहेरून आलं. तेव्हापासून तो सिलिंडर उचलून वजन बघतो.

राहिला निघण्याचा प्रश्न. जेवताना हा विषय काढला तर अपशकुन वाटतो, म्हणून मी तो चहाच्या वेळी काढला. समजा पाचव्या महिन्यात बिनसलं. करारात सहा महिन्यांचं लॉक-इन आहे, वर एक महिन्याची नोटीस. कोण राहणार, कोण जाणार? जाणाऱ्याने किती महिने भाडं द्यायचं? आणि जो राहील त्याला ते घर एकट्याला झेपणार आहे का? बाणेरचं ३२,००० भाडं ४५,००० पगारात तिला एक महिनाही झेपलं नसतं. म्हणजे बिनसल्यावर बाहेर पडणारी व्यक्ती आधीच ठरली होती, आणि ते कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. असं घर घेतलं की ज्याला परवडत नाही तो भांडणात आवाज खाली ठेवायला शिकतो. मला त्याचीच भीती होती.

शेवटी नवी सांगवीत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत दोन दारांचं घर मिळालं. भाडं २३,०००, डिपॉझिट ७०,०००. खर्चाची बेरीज ५०,००० वरून ४१,००० वर आली. दोघांपैकी कुणालाही ते दोन महिने एकट्याने ओढता येतं. करारात लॉक-इन तीन महिन्यांवर आणलं, रंगकामाचे किती कापणार तो आकडा लिहून घेतला. दोघांत वेगळा कागद केला: जाणाऱ्याने दोन महिन्यांचा आपला वाटा द्यायचा, डिपॉझिट ज्याचं त्याला. किल्ली मिळाली त्या दिवशी भिंतींचे, नळांचे, बाथरूमच्या फुटलेल्या टाइलचे फोटो काढून मालकीणबाईंनाच पाठवले. आणि अकराव्या महिन्याच्या आधी, नवव्या महिन्यात, एक तारीख कॅलेंडरवर टाकली. त्या दिवशी करार पुढे न्यायचा का, एवढं बोलायचं. तिला यातून लग्नाकडे जायचंय. त्याला अजून कळत नाहीये. दोघांना हे एकमेकांबद्दल माहीत आहे.

नोंदणीसाठी एजंटचा मुलगा लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन मालकीणबाईंच्या घरी आला. मीही गेले होते, साक्षीदार म्हणून. भाचीचा अंगठा तीनदा उमटला नाही. तिने क्रीम लावलं होतं. ओढणीला पुसून चौथ्यांदा उमटला. मग त्या मुलाने पोलीस ठाण्यात द्यायच्या माहितीचा फॉर्म उघडला आणि मान वर न करता विचारलं, "दोघांचं नातं काय टाकू?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मालकीणबाई आतून चहाचा ट्रे घेऊन येत होत्या. त्याच म्हणाल्या, "भाडेकरू टाक रे. दोघंही."